समृद्धी महामार्गावर ताशी 70 की 100?

मे महिन्यात जालन्याहून समृद्धीवर निघालेल्या, 30 युनिट वापरण्याजोगी बॅटरी असलेल्या छोट्या विद्युत मोटारीचा हा अंदाजी हिशेब आहे. ताशी 70 वेगाने एसीसह किलोमीटरला सुमारे 120 वॅट-तास लागतात, म्हणजे पल्ला 250 किलोमीटर. ताशी 100 ला हवेचा विरोध दुप्पट होऊन खर्च 165 वर जातो आणि पल्ला 180 वर येतो.

एसी मात्र वेळेनुसार वीज खातो. एक किलोवॅटचा भार 70 ला किलोमीटरमागे 14, तर 100 ला 10 वॅट-तास पडतो, तरीही संथ वेगच किफायतशीर ठरतो. चार जादा प्रवाशांमुळे सपाट रस्त्यावर जेमतेम 8 वाढतात. पुढचे चार्जिंग केंद्र 200 किलोमीटरवर असेल, तर मी एसी बंद करण्याऐवजी वेगच उतरवीन.