मिरर पोर्ट आणि पॅसिव्ह सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या सीए ऑफिसात आठ पोर्टांचा मॅनेज्ड गिगाबिट स्विच आहे. कोण किती नेट वापरतंय ते मोजायला त्याच्या आठव्या पोर्टावर मिरर लावून, म्हणजे दुसऱ्या पोर्टावरच्या पॅकेटांची प्रत तिथे पाठवून, एका जुन्या पीसीचं दुसरं लॅनकार्ड जोडलंय. हाच आमचा सेन्सर. त्या कार्डाला आयपी नाही, ते फक्त ऐकतं. पीसी बंद पडला तरी ऑफिसचं नेट चालूच राहतं, आणि वीज जाऊन आल्यावर हा फायदा लगेच कळतो.

कुठला पोर्ट मिरर करायचा, इथे पुष्कळ लोक घाई करतात. सगळेच पोर्ट निवडले, तर एकच पॅकेट कॉम्प्युटरच्या पोर्टावर आत येताना आणि राउटरच्या पोर्टावर बाहेर जाताना, असं दोनदा मोजलं जातं आणि आकडे दुप्पट दिसतात. म्हणून स्रोत फक्त राउटरचा पोर्ट, दोन्ही दिशांनी. मात्र ऑफिसातल्या दोन मशीनमधली देवाणघेवाण मग दिसत नाही. आम्हाला ती नकोच होती.

खरी मजा पत्त्यांची. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायची गर्दी, आणि संध्याकाळी पोर्टल उघडेना. ज्येष्ठ भागीदार म्हणाले, "अरे, बघ जरा, कोण खातंय लाइन!" आयपीव्ही४ पत्त्यांच्या यादीत कुणीच दोषी दिसेना. मग स्विचच्या पानावरचा राउटर-पोर्टाचा बाइट काउंटर सेन्सरच्या बेरजेशी ताडून पाहिला, तर बेरीज निम्म्याच्या आसपास भरली. उरलेलं आयपीव्ही६ होतं. त्यात एकेका मशीनचे अनेक पत्ते असतात आणि तात्पुरते पत्ते बदलत राहतात, त्यामुळे त्या पत्त्यांवरून माणूस सापडत नाही. मॅक पत्ता, म्हणजे लॅनकार्डाचा स्वतःचा पत्ता, मात्र दोन्हींना सारखाच:

```
tcpdump -eni enp2s0 ether host 00:00:5e:00:53:17
```

नोंदी मॅकनुसार लावल्यावर एका टेबलावरचा पीसी वर आला. फोटोंचा बॅकअप अपलोड चालू होता. अपलोड तुडुंब भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि सगळ्यांचं डाउनलोडही रडतं. बॅकअप रात्रीवर ढकलला, पोर्टल उघडलं.

वायफायबाबत एक अट आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट ब्रिज मोडमध्येच हवा. राउटर मोडमध्ये असला तर त्यामागचे सगळे फोन एकाच मॅकमागे लपतात. शिवाय नवे फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक वापरतात, तेव्हा यादीतलं नाव एकदा त्या फोनवर पाहूनच लिहावं लागतं. एचटीटीपीएसमुळे मजकूर दिसत नाही, बहुतेक वेळा फक्त साइटचं नाव दिसतं. कर्मचाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवलंय.

वेगाची मर्यादा कागदावर आहे: गिगाबिट पोर्टाचं जाणारं आणि येणारं मिळून दोन गिगाबिट होतं, मिरर पोर्टात एकच मावतं, बाकीचं गळतं. आमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती वेळ येत नाही.