२०,००० की ३०,००० एमएएचची पॉवर बँक?

मैत्रीण विमानप्रवासासाठी या दोनांत अडकली होती. विमान कंपन्या मात्र एमएएच नाही, वॉट-तास (Wh) मोजतात. १०० Wh पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची मंजुरी लागते.

हिशोब सोपा आहे: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००. व्होल्ट आतल्या सेलचे घ्यायचे, बहुधा ३.७. यूएसबीचे ५ धरले की आकडा फुगतो. चूक इथेच होते. म्हणजे पहिली ७४ Wh, दुसरी १११.

तिच्या लॅपटॉपच्या बॅटरीवर ११.४ V, ५००० mAh लिहिलंय, म्हणजे ५७ Wh. तो बिनधास्त जातो. चार्ज करताना साधारण पाव ऊर्जा वाया गेली, तर ७४ वाली लॅपटॉप जेमतेम एकदा भरेल, १११ वाली जवळपास दीडदा. त्या अर्ध्या चार्जसाठी जास्त वजन आणि आधी मंजुरी.

दोन्ही हातातल्या सामानातच न्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत नाही. छापील आकडा पुसला असेल तर छोटीही अडवली जाऊ शकते.

फोन आणि एखादा लॅपटॉप असेल तर २०,००० घ्यावी. दिवसभर विजेविना काम करायचं असेल आणि मंजुरी लेखी मिळाली असेल, तरच ३०,०००.