तेलुगू मुखत्यारपत्राचा फोटो आणि भाषांतराचं अ‍ॅप: आठ महिने वापरल्यानंतर

मी देगलूरला दस्त लिहिण्याचं काम करतो. हद्दीवरचं गाव, त्यामुळे जमीन इकडे आणि मालक बोधन-निजामाबादकडे, अशी घरं भरपूर. मालक तिकडे तेलुगूत मुखत्यारपत्र करतो, कुणीतरी त्याचा मोबाइलवर फोटो काढतं आणि तो माझ्याकडे येतो. फोटोवरून भाषांतर करणारं एक अ‍ॅप मी आठ महिन्यांपासून वापरतोय. अशा अकरा कागदांवर ते वापरून झालंय.

आधी चांगलं सांगतो. कागद कुलमुखत्यारपत्र आहे की एखाद्याच कामापुरतं खासमुखत्यारपत्र, लिहून देणारा कोण, घेणारा कोण, तारीख कोणती, हे अ‍ॅप दोन मिनिटांत सांगतं. पूर्वी एवढ्यासाठीसुद्धा तेलुगू वाचणाऱ्या निवृत्त गुरुजींकडे धाव घ्यावी लागायची. फोटो सरळ आणि उजेडात काढलेला असेल तर नावंही बरोबर येतात.

अधिकाराच्या कलमांवर मात्र मी आता त्याच्यावर विसंबत नाही. त्याला कारण ठरलं पावसाळ्यातलं एक प्रकरण.

एक शेतकरी मामा फोटो घेऊन आले. "विकायचा अधिकार आहे का नाही, तेवढं सांगा. मंगळवारी खरेदी करायचीय." दोन पानं, दोन फोटो. पहिल्या पानाच्या शेवटच्या कलमाचं अ‍ॅपने केलेलं मराठी असं होतं: "साठेकरार करणे, दोन लाखांपर्यंत इसार घेणे याचा अधिकार आहे. माझ्या लेखी परवानगीशिवाय खरेदीखत नोंदवण्याचा व पूर्ण रक्कम स्वीकारण्याचा अधिकार." मामा खूश. परवानगीचीही गरज नाही म्हणजे प्रश्नच मिटला!

मला खटकलं ते एवढंच, की पहिल्या वाक्याला "आहे" होतं आणि दुसऱ्याला क्रियापदच नव्हतं. तेलुगूतही आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं. दुसरा फोटो मोठा करून गुरुजींना दाखवला. वरच्या ओळीत, शिक्क्याच्या कडेखाली, दोनच शब्द होते: "अधिकारमु लेदु". म्हणजे अधिकार नाही. वाक्य पान उलटून पुढे गेलं होतं. अ‍ॅप प्रत्येक फोटो वेगळा वाचतं, म्हणून पहिल्या पानावर अर्धं राहिलेलं वाक्य त्याने आपल्या मनाने पुरं केलं. मालकाने घातलेली मर्यादा भाषांतरात मोकळीक होऊन बसली.

त्यातही "लेदु" म्हणजे नाही आणि "लेदा" म्हणजे किंवा. तेलुगू लिपीत दोन्हींत फरक फक्त शेवटच्या मात्रेचा. शिक्क्याची शाई किंवा घडी त्यावर आली की डोळाही फसतो. आणि "लेकुंडा" म्हणजे शिवाय. तो दिसला की वाक्याचा शेवट सापडेपर्यंत मी अर्थ लिहीतच नाही. "मात्रमे" म्हणजे फक्त. त्याचं मराठीत नुसतं "मात्र" केलं की "पण" असा वास येतो आणि मर्यादा पुसट होते. म्हणून मी "एवढ्यापुरताच" असं लिहितो.

आता माझी पद्धत अशी. सगळी पानं, मुद्रांकाची मागची बाजू आणि नोंदणीचा शेरा यांचे फोटो पुन्हा मागवतो. डावीकडे मूळ ओळ, उजवीकडे मराठी. विकणे, गहाण ठेवणे, इसार घेणे, पूर्ण पैसे घेणे, दस्तावर सही करणे, निबंधकासमोर कबुली देणे, हे एकेक अधिकार वेगळे लिहितो. कागदात गहाणाचा उल्लेख नसेल तर "विकणे" या शब्दात तो आपोआप येत नाही. शेवटी येणारं "आणि इतर सर्व आवश्यक कामे" हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते वर दिलेल्या कामांना लागणाऱ्या गोष्टींपुरतंच धरायचं. त्यातून नवा अधिकार काढायचा नाही. शब्द वाचता आला नाही तर अंदाजाने भरत नाही, "[अस्पष्ट]" लिहून फोटोतली जागा सांगतो.

फोटोवरून केलेलं हे भाषांतर समजून घेण्यासाठी आहे, दस्त नोंदवण्यासाठी नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, दस्ताची भाषा निबंधकांना कळत नसेल आणि जिल्ह्यात प्रचलित नसेल, तर प्रचलित भाषेतलं खरं भाषांतर आणि खरी प्रत सोबत द्यावी लागते. मुखत्याराने दस्त सादर करायचा असेल तर कलम 33 पाहावं. मालक देशातच राहत असेल, तर ते मुखत्यारपत्र त्याच्या राहत्या भागातल्या निबंधकासमोर करून प्रमाणित झालेलं लागतं. लिहून देणारा आज हयात आहे का, त्याने ते रद्द केलंय का, हे तर कुठलाच फोटो सांगत नाही. त्यासाठी मालकाला फोन करावाच लागतो.

मामांची मंगळवारची खरेदी मी थांबवायला सांगितली. मुखत्याराला इसार घेता येत होता, म्हणून साठेकरार केला आणि दीड लाख दिले. मालक दिवाळीनंतर स्वतः देगलूरला आले, खरेदीखतावर सही केली आणि उरलेली रक्कम त्यांच्याच खात्यात गेली.