प्लॅन वाढवावा, मेश घ्यावं की केबल बदलावी? लक्षणांवरून ठरवा

इंटरनेट अडखळायला लागलं की ठाण्यात काय नि वाशी-नेरुळात काय, पहिला फोन केबलवाल्याला जातो, आणि बहुतेक वेळा तिकडून सल्ला येतो तो वरचा प्लॅन घेण्याचा. हातात पाच-सहा हजारच असतील तर हा सल्ला लगेच मानू नका. प्लॅन वाढवल्याने फक्त दारापर्यंत येणारा वेग वाढतो. दारापासून बेडरूमपर्यंत तो कसा पोहोचतो, याच्याशी प्लॅनचा संबंध नाही. शिवाय मेश, म्हणजे घरभर वाय-फाय पसरवणारे एकमेकांना जोडलेले दोन-तीन डबे, किंवा केबल हा एकदाचा खर्च आहे. प्लॅन महिन्याला ३०० रुपयांनी महागला, तर १८ टक्के जीएसटी धरून ३५४ होतात, म्हणजे वर्षाला ४,२४८. इतक्यात एखादं साधं मेश किट जवळजवळ येतं.

म्हणून आधी दोन ठिकाणी वेग मोजायचा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून एकदा, आणि जिथे त्रास होतो त्या खोलीत वाय-फायवर एकदा. दोन्ही आकडे सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला घ्या. मोजताना घरातलं बाकी सगळं बंद ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या एका टॉवरमधल्या २ बीएचकेचं उदाहरण घेऊ. प्लॅन २०० एमबीपीएसचा. फायबरचा डबा दाराजवळच्या शू रॅकमध्ये, तिथून छोट्या केबलने हॉलमधल्या राउटरला जोडलेला. तक्रार अशी की आतल्या बेडरूममध्ये ऑफिसचे कॉल तुटतात. घरच्यांचा विचार ३०० चा प्लॅन घेण्याचा होता. मोजल्यावर राउटरला केबलने ९४ मिळाले, सकाळी ९४ आणि रात्रीही ९४. बेडरूममध्ये वाय-फायवर ११.

यातला ९४ हा आकडा फार बोलका आहे. गर्दीमुळे मंदावलेली लाइन वर-खाली होत राहते. वेग कायम ९४-९५ वरच अडकत असेल, तर वाटेतला एखादा जोड १०० एमबीपीएसवर चालतोय असं समजावं. इथरनेट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे कनेक्टर लावताना एक तार नीट बसली नाही किंवा दाराच्या फटीत केबल चेपली, तरी पुष्कळदा इंटरनेट बंद पडत नाही. गुपचूप १०० वर उतरतं आणि कोणाला संशयही येत नाही. कोणता जोड खराब आहे हे शोधायला विंडोज लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून हे लिहा:

```
Get-NetAdapter
```

इथरनेटच्या ओळीत `LinkSpeed` खाली `100 Mbps` दिसलं, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधली केबल, राउटरचे पोर्ट किंवा लॅपटॉपचा पोर्ट यांत दोष आहे. कासारवडवलीत तिथे `1 Gbps` दिसत होतं. म्हणजे अडथळा राउटरच्या आधी, शू रॅकपासून राउटरपर्यंतच्या केबलमध्ये. दीडेकशे रुपयांची तयार कॅट ६ पॅच कॉर्ड लावली आणि हॉलमध्ये १९५ आले. याआधी ३०० चा प्लॅन घेतला असता तरी त्यांना ९४ च मिळाले असते.

बेडरूम मात्र ११ वरून १४ पर्यंतच गेली. कारण भिंती. अलीकडचे बरेच टॉवर मिवान पद्धतीने बांधलेले असतात, त्यात खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडताना जवळजवळ संपतो. २.४ चा पोहोचतो, पण शेजारच्या सगळ्या फ्लॅटची वाय-फाय त्याच पट्ट्यात दाटलेली असतात. नेरुळ-वाशीच्या जुन्या सिडको घरांत विटांच्या भिंती आणि लहान खोल्या असल्याने राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजच्या तोंडाशी उंचावर ठेवला तरी पुष्कळदा भागतं. तो प्रयोग फुकट आहे, आधी करा.

दोष वाय-फायचाच आहे याची खात्री त्रासाच्या खोलीत बसून करता येते. `192.168.1.1` च्या जागी तुमच्या राउटरचा पत्ता घाला:

```
ping -n 50 192.168.1.1
```

यातला छोटा संदेश राउटरपर्यंत जाऊन परत येतो, घराबाहेर जातच नाही. तरीही वेळ १०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल किंवा `Request timed out` येत असेल, तर प्लॅनचा यात काही दोष नाही.

आता उरली निवड मेश आणि केबल यांच्यात. मेशचा दुसरा डबा वायरलेस जोडला, तर तो पहिल्याकडून जे घेतो तेच पुढे देतो. दोन बँडच्या स्वस्त किटमध्ये घेणं आणि देणं दोन्ही एकाच ५ गिगाहर्ट्झवर होतं, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. लोक तो डबा नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवतात, आणि जिथे १४ येतात तिथे त्याला तरी काय मिळणार? तो वाटेत, पॅसेजमध्ये हवा. या घरात पॅसेजमध्ये १२० येत होते, म्हणजे तिथे डबा ठेवून बेडरूममध्ये पन्नासेक मिळाले असते. कामाला तेवढे पुरतात, पण खर्च पाच-सहा हजार.

त्यांच्या बेडरूममध्ये बिल्डरने दिलेला टेलिफोनचा पॉइंट होता, कधीच न वापरलेला. त्याचा पाइप हॉलमध्येच निघत होता. वायरमनने जुन्या टेलिफोन वायरला कॅट ६ बांधून ओढून घेतली, आणि बेडरूममध्ये एक साधा गिगाबिट राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावला, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट तो फक्त वाय-फायवर देतो. केबल, मजुरी आणि राउटर धरून साधारण साडेतीन हजार. बेडरूममध्ये १९० च्या आसपास, आणि पिंग स्थिर. असा मोकळा पाइप असेल तर मी डोळे झाकून केबल निवडेन. केबल पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते. विजेच्या वायरच्या पाइपमधून ती नेऊ देऊ नका.

पाइप तुंबलेला असेल, किंवा घर भाड्याचं असून मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर मेश घ्या. घर सोडताना ते बरोबर नेता येतं.

वरच्या प्लॅनचं लक्षण वेगळं असतं. राउटरला केबलने प्लॅनइतका पूर्ण वेग मिळतो, एकटं कोणी वापरत असेल तर सगळं सुरळीत चालतं, पण मुलाने गेम डाउनलोडला लावला की सगळ्या खोल्यांत एकदम अडखळतं. तरीही गरज मोजून घ्या. एचडी कॉलला चारेक एमबीपीएस लागतात, फोर-के टीव्हीला पंचवीसपर्यंत. दोन कॉल, एक टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाइल धरले तरी पन्नासच्या आत बसतात. म्हणजे ३० च्या प्लॅनवर असाल तर १०० घेणं योग्य, १०० वरून ३०० ला जाण्याआधी मात्र थांबा. जुना प्लॅन घेतलेला असेल तर अपलोड किती आहे तेही पाहा. फोटोंचा बॅकअप सुरू झाला की कॉल तुटत असतील, तर अपलोड कमी पडतोय.

आणि राउटरला केबल लावूनही सकाळी पूर्ण वेग, रात्री दहाला त्याच्या चौथाईवर, असं रोज होत असेल, तर तिन्हींपैकी कशावरच पैसे घालू नका. गर्दी ऑपरेटरच्या बाजूला आहे. केबलवर घेतलेले आठवडाभराचे आकडे दाखवून तक्रार करा. सुधारणा झाली नाही, तर सोसायटीत दुसरी कोणाची फायबर आली आहे ते विचारा, आणि वर्षाचे पैसे एकदम न भरता एक महिन्याचं कनेक्शन घेऊन रात्रीच मोजून बघा.