ड्रायव्हर बदलल्यानंतरची शेडर कॅशे: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ग्राफिक्स कार्ड घेऊन सात महिने झाले. या काळात मी चार वेळा ड्रायव्हर बदलला आणि दोन वेळा गेम सतत बंद पडण्याचा त्रास भोगला. दोन्ही वेळा मिळालेला सल्ला एकच होता, 'शेडर कॅशे पुसून टाका.' पहिल्या वेळी दोष खरोखरच कॅशेचा निघाला, दुसऱ्या वेळी त्या सल्ल्याने केवळ दिशाभूल केली.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवा ड्रायव्हर जुनी कॅशे वाचतो आणि त्यामुळे गोंधळ होतो, असे सहसा घडत नाही. शेडर म्हणजे दृश्य कसे रेखाटायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. गेमसोबत येणारे शेडर कार्डाच्या यंत्रभाषेत आणण्याचे काम ड्रायव्हर करतो आणि तयार झालेला कोड डिस्कवर ठेवला जातो, परंतु त्यावर ड्रायव्हरची ओळखही नोंदलेली असते. व्हल्कन ही ग्राफिक्स प्रणाली वापरणाऱ्या गेमच्या शेडर कॅशेत, म्हणजे पाइपलाइन कॅशेत, ही नोंद पहिल्या ३२ बाइटमध्ये असते: शीर्षकाची लांबी, आवृत्ती, उत्पादकाचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि शेवटी १६ बाइटचा ओळखक्रमांक. ड्रायव्हर बदलला की हा ओळखक्रमांक साधारणपणे बदलतो, जुनी नोंद जुळत नाही आणि ती कॅशे निमूटपणे बाजूला टाकून सर्व शेडर पुन्हा तयार केले जातात.

माझ्याकडे बिघाड झाला तो नेमका या पुनर्बांधणीच्या वेळी. नवा ड्रायव्हर टाकून गेम उघडला, शेडर तयार होऊ लागले आणि अर्ध्यावर वीज गेली. त्यानंतर गेम प्रत्येक वेळी त्याच एका टप्प्यावर, कोणताही संदेश न देता बंद पडू लागला. मी विंडोजच्या डिस्क क्लीनअपमधून डायरेक्टएक्सची शेडर कॅशे पुसली, पण हा गेम व्हल्कनवर चालत असल्याने त्या कॅशेशी त्याचा संबंधच नव्हता. गेम काढून पुन्हा टाकला, तरी त्याची कॅशे फाइल `%LOCALAPPDATA%` मधील त्याच्या फोल्डरात तशीच राहिली. शेवटी जुना ड्रायव्हर परत टाकला आणि गेम सुरळीत चालला. साहजिकच मी नव्या ड्रायव्हरला दोषी ठरवले.

हा निष्कर्ष चुकीचा होता. ड्रायव्हर मागे नेण्यापूर्वी, सेव्ह केलेला खेळ जाऊ नये म्हणून, मी तो संपूर्ण फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवला होता. पुढे नवा ड्रायव्हर पुन्हा टाकला तेव्हा गेम उत्तम चालला. मग उतरवलेली कॅशे फाइल परत जागेवर ठेवली, आणि गेम त्याच टप्प्यावर कोसळला. हेक्स व्ह्यूअरमध्ये फाइल उघडल्यावर उलगडा झाला: पहिले ३२ बाइट ठीक होते, मात्र पुढे कुठेतरी मजकूर संपून नुसती शून्येच होती. वीज गेल्यावर फाइलचा आकार नोंदला जातो, पण आतला मजकूर डिस्कवर पोहोचलेला नसतो, असे घडू शकते. नव्या ड्रायव्हरला ओळख जुळल्याने त्याने फाइल स्वीकारली, तर जुन्या ड्रायव्हरने ओळख न जुळल्याने ती टाकून दिली. तो निर्दोष दिसला तो एवढ्याचमुळे. गेमने फाइलच्या मजकुराची स्वतंत्र बेरीज-पडताळणी ठेवली असती, तर हा प्रकार टळला असता.

म्हणून आता मी कॅशे पुसत नाही, गेम पूर्ण बंद करून तिचे नाव बदलतो:

```
ren pipeline.cache pipeline.old
```

फाइलचे नाव गेमनुसार वेगळे असेल. नाव बदलल्यावर क्रॅश थांबला आणि जुनी फाइल परत ठेवल्यावर तो पुन्हा आला, तरच दोष कॅशेचा. पुसून टाकल्यावर ही उलटतपासणी करता येत नाही.

पाचव्या महिन्यातला त्रास वेगळा होता. तोही ड्रायव्हर बदलल्यानंतरच सुरू झाला, पण गेम कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी, दर वेळी निराळ्या ठिकाणी बंद पडे. कॅशे हलवल्यावर एक दिवस शांततेत गेला आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला होता. कार्डाच्या मेमरीचा वेग मीच वाढवून ठेवला होता. तो मूळ पातळीवर आणल्यावर गेल्या दोन महिन्यांत एकदाही क्रॅश झालेला नाही.

शेडर तयार होत असतानाच गेम कोसळत असेल, आणि तेही दर वेळी वेगळ्या टक्केवारीला, तर कॅशे पुसण्याने उलट त्रास वाढण्याचा संभव आहे. त्या कामात प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवर ताण येतो, आणि प्रोसेसर किंवा रॅम अस्थिर असेल तर कॅशे रिकामी करून आपण तोच ताण पुन्हा ओढवून घेतो.