कोकणकडा कागदावर कसा उठेल? सूर्याचा कोन आणि झेड फॅक्टर ठरवताना

सह्याद्रीचा छापील नकाशा करताना बहुतेक जण हिलशेडला, म्हणजे उंचीच्या आकड्यांवरून काढलेल्या उजेड-छायेच्या चित्राला, हात न लावता ठरीव आकडे घेतात: प्रकाश वायव्येकडून म्हणजे ३१५ अंशांवरून, सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर, उंचीला गुणणारा झेड फॅक्टर १. उठाव कमी वाटला की झेड २ करतात. माळशेज-हरिश्चंद्रगड भागात नेमका हाच उपाय कड्याच्या मुळावर येतो. का, ते आधी आकड्यांत पाहू.

हिलशेड काढणारा gdaldem हा प्रोग्राम प्रत्येक पिक्सेलला १ ते २५५ अशी राखाडी छटा देतो. १ म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. सपाट जमिनीची छटा फक्त सूर्याच्या उंचीवर ठरते: सूर्य ४५ अंशांवर असेल तर सुमारे १८१, ३० वर असेल तर १२८. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. डीईएममध्ये, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या पिक्सेल-चित्रात, तो ६० अंशांच्या उताराचा उतरला असं धरू. सोबत आग्नेयेकडे उतरणारा ३० अंशांचा एक डोंगरउतारही घेऊ.

| दिशा / सूर्याची उंची / झेड | सपाट | पश्चिमेचा कडा | आग्नेय उतार |
|---|---|---|---|
| ३१५ / ४५ / १ | १८१ | २०१ | ६७ |
| ३१५ / ४५ / २ | १८१ | १७३ | १ |
| ३१५ / ३० / १ | १२८ | १९९ | १ |
| ३१५ / ३५ / १ | १४७ | २०१ | २३ |
| ४५ / ४५ / १ | १८१ | १ | १५७ |

पहिल्या ओळीत कडा आणि पठार यांत जेमतेम २० छटांचा फरक आहे. उतार ७० अंशांचा असेल तर कड्याची छटा १८२ येते, म्हणजे पठाराच्या छटेशी जवळपास जुळते आणि कडा दिसेनासा होतो. कारण साधं आहे. ४५ अंशांवरच्या सूर्याकडे ४५ अंशांचा उतार सर्वांत उजळ दिसतो, त्याहून उभा उतार पुन्हा काळवंडू लागतो. झेड २ केला की गणितापुरता ६० चा उतार जवळपास ७४ अंशांचा होतो, म्हणून दुसऱ्या ओळीत कडा पठारापेक्षाही काळा झाला. आग्नेय उतार तर पूर्ण बुडाला, आणि त्या काळ्यात ओढे-घळी काहीच उरत नाही. हे काळं म्हणजे पडलेली सावली नव्हे, बरं का. gdaldem डोंगराची सावली दरीत टाकत नाही, तो फक्त त्या-त्या पिक्सेलचा उतार आणि तोंड बघतो.

घाटाच्या नकाशासाठी म्हणून झेड १ च ठेवा. खरी निवड उरते ती उजळ कडा की काळा कडा, एवढीच.

उजळ कडा हवा असेल तर प्रकाश वायव्येकडूनच ठेवून सूर्य ३५ अंशांवर आणा. ३० वर कडा आणखी उठतो, पण सूर्यापासून तोंड फिरवलेला ३० अंशांपुढचा प्रत्येक उतार काळा होतो, आणि सह्याद्रीत असे उतार पुष्कळ. ३५ वर त्यांत थोडा तपशील टिकतो. या पद्धतीची किंमत अशी की पठार राखाडी राहतं, आणि ते राखाडी राहिलं तरच कडा उजळ दिसतो. हिलशेड ६० टक्के अपारदर्शकतेने नकाशावर मल्टिप्लाय पद्धतीने चढवलं तर सपाट भागावर सुमारे २५ टक्के आणि कड्यावर १३ टक्के शाई येते. पठार पांढरंशुभ्र करायला गेलात तर कडाही त्याच्याबरोबर विरघळेल.

काळा कडा हवा असेल तर प्रकाश ईशान्येकडून, ४५ अंशांवरून घ्या. याच ६० टक्क्यांच्या हिशोबात पठारावर १७ टक्के शाई आणि कड्यावर ६०. कडा एखाद्या भिंतीसारखा उभा राहतो आणि पठार स्वच्छ राहतं. दुसराही फायदा आहे: हरिश्चंद्र-बालाघाट रांग साधारण वायव्य-आग्नेय धावते, वायव्येचा प्रकाश तिच्या लांबीच्या दिशेनेच जातो आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात. ईशान्येचा प्रकाश तिला आडवा पडतो. नकाशाच्या वरच्या बाजूने प्रकाश आला की डोळा फसत नाही, मग तो डावीकडून असो वा उजवीकडून. दक्षिणेकडून घेतला तर मात्र बऱ्याच जणांना दऱ्या डोंगर वाटू लागतात.

भिंतीवर लावायच्या नकाशाला आम्ही काळा कडा घेऊ. ट्रेकच्या नकाशाला नाही, कारण नळीची वाट कड्यालगतच्या घळीतूनच चढते. ६० टक्के शाईवर बारीक तुटक रेघ आणि वाटेचं नाव वाचता येत नाही. छापखान्यात शाईचे ठिपके फुगतात, म्हणून पडद्यावरचे ६० टक्के कागदावर त्याहून गडद येतात. अशा नकाशाला ३१५ / ३५ / १.

दोन्ही करून बघायला ३० मीटरचा डीईएम पुरे:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 10 10 -r cubicspline dem.tif utm.tif
gdaldem hillshade utm.tif ujal.tif -az 315 -alt 35 -z 1 -compute_edges
gdaldem hillshade utm.tif kala.tif -az 45 -alt 45 -z 1 -compute_edges
```

पहिली ओळ गाळू नका. डीईएम अक्षांश-रेखांशांत असेल तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरांत राहते. जुन्या आवृत्त्यांत दोन्ही एककांचं प्रमाण सांगणारा `-s` न देता चालवलं तर सगळं चित्र काळ्या-करड्या ठिपक्यांचं दिसतं. १० मीटर घेण्याचं कारण छपाईचं आहे: १:५०,००० ला ३० मीटरचा पिक्सेल कागदावर ०.६ मिलिमीटर होतो आणि डोळ्याला चौकोन दिसतात. १० मीटरचा ०.२ मिलिमीटर. नवा तपशील यातून मिळत नाही, फक्त पायऱ्या जातात. हे मोठं करणं डीईएमवरच करा, तयार हिलशेडवर नव्हे. आणि `-r` न लिहिता चालवलंत तर जवळचा पिक्सेल उचलला जातो व उतारांवर जाळीसारख्या रेघा उमटतात.

`-multidirectional` हा तिसरा पर्याय अनेकांना आवडतो. त्यात पश्चिमेच्या बाजूचे कित्येक प्रकाश एकत्र होतात, काळे डाग निघून जातात, पण कड्याची धारही बोथट होते. रंगीत उंचीपट्ट्यांच्या खाली मंद पोत म्हणून तो छान, एकट्याने उठाव दाखवायला अपुरा.

झेड वाढवायची खरी जागा घाटमाथ्यापासून पूर्वेला, पठारी मुलखात आहे. तिथे २ अंशांच्या उताराची उजेडाकडची आणि उलट बाजू यांत ४५ अंशांच्या सूर्याला सुमारे १३ छटांचा फरक पडतो. सूर्य ३० वर आणला तर तो १५ होतो, आणि त्या दोन छटांसाठी सगळी सपाटी निम्मी काळी करावी लागते. सूर्य ४५ वरच ठेवून झेड ३ केला तर फरक ३७ वर जातो. मर्यादा अशी: झेड ३ ला सूर्याकडे पाठ केलेला १८ अंशांपुढचा उतार काळा होतो, तेव्हा नकाशात मधेच एखादी डोंगररांग येत असेल तर २ वर थांबा. डीईएममधले मीटर-दोन मीटरचे दोषही तिप्पट होतात आणि सपाट शेतांवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत दिसू लागतो. तो दिसला तर झेड कमी करण्याआधी डीईएम सरासरीने गुळगुळीत करा. १:२,५०,००० च्या नकाशाला `-tr 90 90 -r average` पुरतं.