शनिवारी संध्याकाळी 7 की रविवारी सकाळी 6:30?

कोल्हापुरातून तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ टाकायचाय. जवळपास निम्मे प्रेक्षक इथले, निम्मे न्यू जर्सीचे, थोडे दुबईचे.

शनिवारी संध्याकाळी 7 ला टाकला तर इथं लोक फोन घेऊन बसलेले असतात. दुबईत साडेपाच वाजलेले. न्यू जर्सीत मात्र उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, म्हणजे तिकडं दिवस नुकताच सुरू होतोय.

रविवारी सकाळी 6:30 ला टाकला तर मटण आणायला निघायच्या आधी इथल्या घरात तो पोचतो आणि न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दुबईत पहाटेचे पाच, तेवढं सोसावं लागतं. रश्श्यासाठी मी हीच वेळ धरतो. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागं जातात, आपली नाही. मग तिथं आठच वाजतात, तेव्हा 7:30 ला लावायचा.

शीर्षकात मी एकदा ‘आज रविवार, आज रस्सा’ लिहिलं. तिकडं शनिवारच होता! आता वार काढून ‘सुट्टीचा तांबडा रस्सा’ लिहितो. यूट्यूबवर मूळ भाषा मराठी ठेवून इंग्रजी शीर्षक-वर्णन वेगळं जोडता येतं, पण कुणाला कोणतं दिसेल ते घड्याळावर नाही, बघणाऱ्याच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं. गंगावेशेतल्या माणसाचा फोन इंग्रजीत असेल तर त्यालाही इंग्रजीच दिसू शकतं. म्हणून त्यातही ‘Tambda Rassa’ हेच नाव ठेवायचं, आणि भाषांतर व्हिडिओ खुला व्हायच्या आधीच जोडायचं, नाहीतर पहिल्या तासात सगळ्यांना एकच शीर्षक दिसतं.